‘हे खरं आहे का?’ असे विचारत फोटो आला, तर काय करावे: बिबट्याच्या एका चित्रावरून

बिबट्याचा फोटो आणि त्याखाली ‘हे खरं आहे का?’ एवढाच प्रश्न, असा संदेश पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या बहुतेक ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला आहे. मी एका वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीसाठी वाचकांकडून येणारे फोटो पाहतो. त्यामुळे हा प्रश्न ओळखीचे लोक मला थेटच विचारतात. ज्यांच्याकडे तो नव्याने येऊ लागला आहे, म्हणजे सोसायटीचे सचिव, शाळेच्या पालक-ग्रुपचे ॲडमिन, गावातले तरुण कार्यकर्ते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण मुद्दाम बिबट्याचे घेतले आहे. ‘असे कधी होणारच नाही’ हे नेहमीचे उत्तर इथे चालत नाही. जुन्नर भागात बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते, आणि मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वसाहतींमध्ये बिबट्या रात्री फिरून जातो. दुसरीकडे, २०२५ च्या अखेरीस पुणे परिसरात एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो इतके फिरले की अशी चित्रे पसरवू नका, असे वन विभागाला सांगावे लागले. त्याच वर्षी लखनौमध्ये एका तरुणाने घरात बिबट्या शिरल्याचे चित्र एआयने बनवून पसरवले आणि त्यात त्याला अटक झाली. खरा फोटो खोटा ठरवला तर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, आणि खोटा खरा ठरवला तर वन कर्मचारी रात्रभर रिकाम्या वाहनतळावर काठी आपटत बसतात.

जवळ काय असावे

- फोटो ज्याने पाठवला त्याच्याशी बोलण्याची सोय. पुढची जवळपास सगळी वाट याच्यावरच अवलंबून आहे
- शक्यतो संगणक, कारण मोबाइलच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी ठेवून पाहता येत नाहीत
- चित्रावरून चित्र शोधण्याची दोन साधने: गूगल लेन्स आणि `tineye.com`
- फाइलमधील नोंदी वाचण्यासाठी `exiftool` हा विनामूल्य प्रोग्रॅम
- सांगितलेल्या जागेच्या जवळ राहणारा, ओळखीचा किंवा ओळखीतून मिळालेला एक माणूस
- राज्याच्या वन विभागाचा मदत क्रमांक १९२६

१. आधी प्रश्नाचे तुकडे करा

‘खरं आहे का’ या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. पहिला, हे चित्र कॅमेऱ्याने टिपलेले आहे का. दुसरा, टिपल्यानंतर त्यात काही घातले किंवा त्यातून काही काढले आहे का. तिसरा, फोटोसोबत सांगितलेली जागा आणि वेळ खरी आहे का. नवशिक्या माणूस पहिल्या दोन प्रश्नांत अडकून चित्र मोठे करकरून पाहत बसतो. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत मात्र घोळ बहुतेक वेळा तिसऱ्यात असतो: बिबट्या खरा, फोटो खरा, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातला आणि काही वर्षांपूर्वीचा.

दुसऱ्या प्रश्नाबाबत एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. ‘बदललेला फोटो’ आणि ‘न बदललेला फोटो’ यांच्यातली रेघ आता पूर्वीसारखी ठळक राहिलेली नाही. अंधारात फोटो काढताना आजचा मोबाइल एकामागून एक अनेक चित्रे टिपून त्यांचे एक चित्र करतो, दाणेदारपणा पुसतो आणि कडा ठसठशीत करतो. बटण दाबणाऱ्याने काहीही केलेले नसते. म्हणून ‘यात काही बदल केला आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘जे नव्हते ते यात दाखवले आहे का’ असे विचारावे.

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा चौथाच प्रश्न असतो: ‘मुलांना खाली खेळायला सोडू का?’ त्याचे उत्तर फोटोचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवायचे नसते, हे पुढे येईलच.

२. मूळ फाइल मागा

आता एक प्रसंग घेतो आणि तोच शेवटपर्यंत वापरतो. पुण्याच्या उपनगरातील एका सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, उतारावरून आत आलेला बिबट्या उभा आहे. मागे पिवळे-काळे पट्टे रंगवलेला खांब, शेजारी पांढरी मोटार, जमिनीवर पाण्याचे थारोळे आणि वर ट्यूबलाइट. मजकूर: ‘आत्ताच, आपल्या मागच्या सोसायटीत. हे खरं आहे का?’

संदेशावर दोन बाणांची खूण होती. व्हॉट्सॲपवर ही खूण दिसली की तो संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेला असतो. ‘आत्ताच’ हा शब्द त्यामुळे लगेच बाद होतो. तो कोणी आणि केव्हा लिहिला हे आपल्याला माहीत नाही, आणि पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो तसाच ठेवला आहे.

पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: फोटो तुम्ही स्वतः काढला का, नसल्यास नेमका कोणाकडून आला, आणि ज्याच्या मोबाइलमध्ये तो काढला गेला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवता येईल का. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप चित्र आकसवते, पुन्हा दाबून साठवते आणि कॅमेऱ्याच्या नोंदी काढून टाकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास फाइल जशीच्या तशी येते. मूळ फाइलमध्ये कधीकधी घराचे ठिकाणही नोंदलेले असते, याची समोरच्याला कल्पना द्यावी आणि ती फाइल पुढे कोणाला देऊ नये.

इथे एक सापळा आहे. लोक व्हॉट्सॲपवरून आलेलाच फोटो सेव्ह करतात, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवतात आणि ‘घ्या मूळ फाइल’ म्हणतात. अँड्रॉइड मोबाइलवर अशा फाइलचे नाव `IMG-20251112-WA0007.jpg` अशा धर्तीचे असते. त्यातील `WA` म्हणजे ती व्हॉट्सॲपमधून गेलेली आहे, आणि मधली तारीख त्या मोबाइलवर ती पोहोचल्याची आहे; फोटो काढल्याची नव्हे. ती तारीख पुरावा म्हणून दाखवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आमच्या प्रसंगात साखळी चौथ्या माणसापाशी तुटली. त्याला तो एका मोठ्या ग्रुपमध्ये मिळाला होता आणि त्या ग्रुपमध्ये टाकणाऱ्याचा मोबाइल बंद लागत होता. हे नेहमीचे आहे. तरीही कोण कोणाकडून, हे कागदावर लिहून ठेवावे. मूळ माणूस सापडत नाही ही देखील एक माहिती आहे, पण तेवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही.

३. चित्र आधी कुठे दिसले होते का, ते शोधा

गूगल लेन्सवर आणि `tineye.com` वर फोटो टाकून शोध घ्यावा. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावून पाहण्याची सोय आहे आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. एकदाच पूर्ण चित्र टाकून थांबू नये. बिबट्या वेगळा कापून शोधावा, मागची पार्किंग वेगळी कापून शोधावी, आणि चित्र आडवे उलटे करून, म्हणजे आरशात दिसेल तसे करून, पुन्हा शोधावे. जुनी चित्रे नव्याने फिरवणारे कित्येकदा एवढाच बदल करतात.

बिबट्याच्या बाबतीत एक वेगळी सोय आहे. त्याच्या अंगावरील ठिपक्यांच्या फुलांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या बाजूंचीही एकमेकींशी जुळत नाही. वन्यजीव अभ्यासक कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून प्राणी मोजतात ते याच आधारावर. शोधात एखादा जुना फोटो मिळाला, तर दोन्हीकडे खांद्यामागची चार-पाच फुले निवडून त्यांची जुळणी करावी. ती जुळली, तर प्राणी एकच आहे. आणि फुलांच्या आत आणखी ठिपके दिसत असतील, तर तो बहुधा आपल्याकडचा बिबट्या नसून दक्षिण अमेरिकेतला जग्वार आहे. असे फोटोही ‘शिरूरमध्ये दिसला’ म्हणून फिरतात.

शोधात जुना फोटो सापडला, तर काम संपले. हा सगळ्यांत भक्कम निकाल असतो. सापडला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. हे नवख्यांना पटवणे फार अवघड जाते. या साधनांना बंद ग्रुपमधली, कोणाच्या मोबाइलमधली किंवा कालच टाकलेली चित्रे दिसत नाहीत. नुकताच काढलेला खरा फोटो आणि नुकतेच बनवलेले खोटे चित्र, दोन्ही इथे सारखेच कोरे निघतात. आमचाही शोध कोराच निघाला.

४. फाइलमधील नोंदी वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका

मूळ फाइल मिळाली असेल, तर संगणकावर ही आज्ञा द्यावी:

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

`Model`, `DateTimeOriginal`, `GPSPosition` आणि `Software` या ओळी पाहाव्यात. `DigitalSourceType` या ओळीत `trainedAlgorithmicMedia` असे आले, तर चित्र एआयने बनवल्याची नोंद बनवणाऱ्या साधनानेच करून ठेवली आहे. अशी नोंद मिळाली तर ती मोलाची असते. ती नसणे याला काहीही अर्थ नाही, कारण व्हॉट्सॲपमधून एकदा गेले किंवा स्क्रीनशॉट काढला की सगळेच पुसले जाते. उलट बाजूने, कॅमेऱ्याचे नाव आणि तारीख व्यवस्थित दिसली म्हणून फोटो खरा ठरत नाही. तीच तारीख बदलायला ही एक ओळ पुरते:

```
exiftool -DateTimeOriginal="2025:11:12 22:10:00" photo.jpg
```

नोंदी म्हणजे फाइलने स्वतःबद्दल दिलेली जबानी, एवढेच धरून चालावे. आमच्याकडे मूळ फाइलच नव्हती, त्यामुळे ही पायरी ओलांडून पुढे जावे लागले.

५. जागा जुळवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. चित्रातला बिबट्या बाजूला ठेवून बाकीचे सगळे वाचायचे: खांबावरचे पट्टे वरून कोणत्या रंगाने सुरू होतात, खांबाला नंबर आहे का, छताखालून जाणारे पाइप किती आणि कोणत्या बाजूला वळतात, जमिनीवरचा बाण कोणत्या दिशेचा आहे, मोटारीच्या पाटीवर कुठले पासिंग आहे. उघड्यावरचा फोटो असेल तर दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब आणि डोंगराची कड यांची गूगल मॅप्सवरील रस्त्याच्या दृश्यांशी तुलना करता येते. दिवसाच्या फोटोत सावल्यांची दिशा सांगितलेल्या वेळेशी जुळते का हे `suncalc.org` वर पाहता येते. तळघरातल्या पार्किंगला यातले काही लागू पडत नाही. तिथे माणूसच लागतो.

म्हणून ज्या सोसायटीचे नाव घेतले जात होते, तिच्या सचिवांना फोन केला आणि वॉचमनला चित्रातल्याच जागी उभे राहून एक फोटो काढायला सांगावे, अशी विनंती केली. अशा वेळी आपण पाहत असलेले चित्र आधी दाखवू नये. फक्त ‘उताराच्या तोंडाशी उभे राहून आत फोटो काढा’ असे सांगावे. चित्र दाखवले की माणूस नकळत जुळवून घेऊ लागतो आणि ‘हो, हीच जागा’ म्हणून मोकळा होतो. सोबत दोन प्रश्न विचारावेत: त्या रात्री तुम्ही किंवा कोणी काही पाहिले का, आणि त्या उतारावर सीसीटीव्ही आहे का.

वॉचमनचा फोटो आला. खांब जुळला, पाइपांची वळणे जुळली, जमिनीवरचा अर्धवट पुसलेला बाणही जुळला. म्हणजे पार्किंग खरीच तिथली होती. इथपर्यंत आलेला माणूस ‘जागा जुळली, म्हणजे फोटो खरा’ असे म्हणण्याच्या अगदी काठावर असतो, आणि हा या कामातला सर्वांत मोठा सापळा आहे. जागा जुळल्याने फक्त एवढे कळते की चित्राची पार्श्वभूमी तिथे टिपलेली आहे. पूर्वी कोणालाही एवढे करायला फोटोशॉपची चांगली सवय लागत असे. आता स्वतःच्याच पार्किंगचा फोटो ॲपला देऊन ‘यात बिबट्या घाल’ असे लिहिले तरी पुरते. म्हणून ओळखीची जागा ही आज खरेपणाची खूण राहिलेली नाही.

उतारावर कॅमेरा होता, पण तो आठवडाभर बंद होता. वॉचमनने काही पाहिले नव्हते. मात्र सचिवांशी बोलताना पाण्याच्या थारोळ्याचा विषय निघाला. पार्किंगमध्ये गळती होती आणि एका रहिवाशाने तिची तक्रार करताना सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. तो फोटो मागवला. तीच पांढरी मोटार, तेच थारोळे, ट्यूबलाइटची तीच तिरीप, सगळे त्याच कोनातून. दोन्ही चित्रे संगणकावर एकाच आकारात करून, एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहिली. खांबाची कड जागची हलत नव्हती, पाण्याचा काठ हलत नव्हता. मध्येच बिबट्या येत होता आणि जात होता. हातात धरलेल्या मोबाइलने दोन वेगळ्या वेळी काढलेले फोटो इतके तंतोतंत बसत नाहीत. गळतीचा फोटो ग्रुपवर बिबट्याच्या चित्राच्या बराच आधी आलेला होता, तेव्हा कोणाचा पाया कोणता, याचीही शंका उरली नाही.

निकाल लागला तो असा. तो चित्राच्या आतून लागला नाही. बाहेरून मिळालेल्या दुसऱ्या फोटोने लागला. हा फोटो मिळाला नसता, तर माझे उत्तर ‘ठरवता येत नाही’ हेच राहिले असते, आणि तेही बरोबरच असते.

६. डोळ्यांनी पाहताना काय धरावे, काय सोडावे

त्या चित्रात डोळ्यांना पकडता येईल असे किती होते, ते मी नंतर पुन्हा पाहिले. बिबट्याच्या मिशा नीट होत्या. चारही पाय जिथे असायला हवेत तिथेच होते. सावली ट्यूबलाइटच्या विरुद्ध बाजूला पडली होती. थारोळ्यात त्याचे प्रतिबिंब होते आणि ते चांगले होते. सहा बोटे, वितळलेले कान, हवेत तरंगणारे पाय या २०२३ च्या खुणा आता आपोआप दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नये. अशा खुणा दिसल्या, तर त्या उपयोगी आहेत. त्या दिसल्या नाहीत म्हणून चित्र खरे, असे म्हणता येत नाही.

एक फरक सापडला, पण तो शेजारी मूळ फोटो होता म्हणून. अशी कित्येक ॲप नवीन वस्तू घालताना केवळ तेवढीच जागा न बदलता सगळे चित्र नव्याने रंगवतात. गळतीच्या फोटोत मोटारीच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे स्पष्ट वाचता येत होते. बिबट्याच्या चित्रात तेच आकडे आकड्यांसारखे दिसत होते, पण वाचता येत नव्हते. मूळ फोटो नसता तर हा धूसरपणा व्हॉट्सॲपच्या दाबण्यामुळे आला, असे कोणीही म्हणू शकले असते आणि त्याला खोडून काढता आले नसते. जेपीईजी चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत साठवले जाते. ते पुन्हा पुन्हा दाबले की अक्षरांच्या आणि केसांच्या कडेला मळकट चौकोन येतातच. त्यांना ‘एडिटिंगच्या खुणा’ समजणे ही फार सामान्य चूक आहे.

छोटा बदल तर मोठ्यापेक्षाही अवघड असतो. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगीरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. त्या वेळी पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता फोगट यांनी सोबतच्यांसह काढलेला सेल्फी दोन रूपांत फिरला: एकात चेहरे गंभीर, दुसऱ्यात हसरे. जागा खरी, माणसे खरी, प्रसंग खरा. बदलले होते ते फक्त ओठ आणि गाल. हसऱ्या चित्रात विनेशच्या गालांवर खळ्या दिसत होत्या आणि त्या तिला नाहीत, हे तिचे इतर फोटो पाहणाऱ्यांच्या लक्षात आले. तरी खरा आधार ठरला तो गंभीर चेहऱ्यांचा मूळ सेल्फीच. ज्या व्यक्तीचे इतर फोटो उपलब्धच नाहीत, तिच्या गालावर खळी आहे की नाही, हे कोण सांगणार?

उलटी चूकही लक्षात ठेवावी. जून २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने एका स्पर्धेच्या एआय विभागात मुद्दाम आपला खरा फोटो दिला. मान पोटाखाली घालून अंग खाजवणारा फ्लेमिंगो, त्यामुळे डोके नसल्यासारखा दिसणारा. त्याला बक्षीस मिळाले आणि फोटो खरा असल्याचे त्याने सांगितल्यावर तो बादही झाला. ‘विचित्र दिसते, म्हणजे एआय’ हा नियम परीक्षकांनाही फसवतो.

७. टक्केवारी सांगणारी साधने

‘हे चित्र ९२ टक्के एआय आहे’ असे सांगणारी संकेतस्थळे खूप आहेत आणि नवखा माणूस तिथेच सर्वांत आधी जातो. मी तिथे शेवटी जातो, आणि आकडा कधीही उत्तरात लिहीत नाही. तो आकडा म्हणजे चित्र खोटे असण्याची शक्यता नव्हे. त्या साधनाने शिकलेल्या नमुन्यांशी हे चित्र किती मिळतेजुळते वाटले, याचा तो गुण आहे. शिकताना त्याने व्हॉट्सॲपवर चार वेळा दाबलेली मराठी ग्रुपमधली चित्रे पाहिली होती की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

समजा १०० फोटो आले आणि त्यातले १० बनावट आहेत. साधन चांगले आहे: दहातले नऊ बनावट फोटो ते पकडते आणि खऱ्या फोटोंपैकी दर दहात एकालाच चुकून बनावट म्हणते. तरीही ९० खऱ्या फोटोंतले ९ त्यात सापडतील. म्हणजे साधनाने ‘बनावट’ म्हटलेल्या १८ फोटोंपैकी निम्मे खरे असतील. हे स्वतः तपासायचे असेल, तर आपल्याच मोबाइलने रात्री पार्किंगमध्ये काढलेला फोटो दोन-तीन वेळा व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवावा आणि मग त्या साधनाला द्यावा. जे साधन आपल्याच फोटोला बनावट ठरवते, त्याचे मत दुसऱ्याच्या फोटोबद्दल ऐकायचे कारण नाही.

दाबण्यातील फरक उजळ रंगात दाखवणारे एक जुने तंत्रही आहे आणि `fotoforensics.com` वर ते वापरता येते. त्यात कडा, अक्षरे आणि बारीक ठिपके नेहमीच उजळ दिसतात. बिबट्या तर कडा आणि ठिपके यांचाच बनलेला असल्याने खराही चमकतो. शिवाय संपूर्ण चित्र नव्याने रंगवले गेले असेल, किंवा बदलानंतर ते व्हॉट्सॲपमधून गेले असेल, तर सगळीकडे एकसारखेच दाबले जाते आणि पाहण्याजोगा फरक उरत नाही.

यांच्याहून वेगळ्या आहेत त्या बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेल्या खुणा. गूगलच्या साधनांतून निघालेल्या चित्रांत सिंथआयडी ही डोळ्यांना न दिसणारी खूण २०२३ पासून घातली जाऊ लागली. ती सापडली तर ते साधन वापरले गेले हे नक्की. पण ते सगळे चित्र बनवायला वापरले की खऱ्या फोटोतला कोपरा साफ करायला, हे खुणेवरून कळत नाही. आणि चित्र दुसऱ्या कंपनीच्या साधनाने बनवले असेल, तर ती खूण मुळात असणारच नाही.

एक सावधगिरी: लहान मुलांचे किंवा कोणाचे खासगी फोटो अशा कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नयेत.

८. उत्तर कसे लिहावे

उत्तरात ‘खरा’ आणि ‘खोटा’ हे दोनच शब्द वापरण्याची सवय सोडावी. मी चार पायऱ्या ठेवतो. मूळ फोटो किंवा जुना फोटो हाती असेल तर ‘बनावट आहे’ किंवा ‘जुना, दुसरीकडचा आहे’, आणि सोबत तो पुरावा. विसंगती दिसली पण मूळ मिळाले नाही तर ‘संशयास्पद, सिद्ध नाही’. काहीच मिळाले नाही तर ‘ठरवता येत नाही’. आणि काढणाऱ्याशी बोलणे झाले, मूळ फाइल मिळाली, जागा जुळली, शिवाय सीसीटीव्ही, पावलांचे ठसे किंवा दुसरा साक्षीदार यांपैकी निदान एक गोष्ट मिळाली, तर ‘दुजोरा मिळाला आहे’. ‘एडिट केलेला नाही’ असे मी लिहीत नाही, कारण बदल सापडला नाही यावरून बदल झाला नाही असे ठरत नाही.

कोणत्या तुकड्याचे उत्तर देतो आहोत, हेही वाक्यात आले पाहिजे. आमच्या प्रसंगात पाठवलेले उत्तर असे होते: ‘पार्किंग त्याच सोसायटीतील आहे. गळतीच्या तक्रारीसाठी आधी काढलेल्या फोटोत बिबट्या नंतर घालण्यात आला आहे. मूळ फोटो सोबत जोडला आहे. त्या परिसरात बिबट्या आहे की नाही, याबद्दल या चित्रावरून काहीच सांगता येत नाही.’ शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो. ते गाळले की ‘फोटो खोटा’ याचा अर्थ लोक ‘बिबट्या नाही’ असा घेतात, आणि उसाला लागून असलेल्या वस्तीत तो अर्थ धोक्याचा आहे.

निकाल लागत नसेल तेव्हा हे पाठवता येते: ‘हा फोटो कोणी आणि केव्हा काढला हे अजून कळलेले नाही, त्यामुळे खरा की बनावट हे सांगता येत नाही. १९२६ वर कळवले आहे. तोवर लहान मुलांना अंधारात एकटे खाली पाठवू नका आणि फोटो पुढे पाठवू नका.’ वन विभागाला कळवण्यासाठी खरेपणाची खात्री होण्याची वाट पाहायची नसते. आपल्याला जे माहीत आहे तेवढे, म्हणजे ‘असा फोटो फिरतो आहे, काढणारा सापडलेला नाही, जागा अमुक सांगितली जाते’, इतके सांगितले की ठसे पाहायचे की नाही, हे ते ठरवतात. जमिनीवरचे ठसे त्यांना चित्रापेक्षा जास्त सांगतात.

चित्र बनावट ठरले आणि ते ग्रुपवर दाखवायचे असेल, तर त्याच्यावरच, बिबट्याच्या अंगावरून जाईल अशी आडवी जाड रेघ मारून ‘बनावट’ असे लिहावे आणि मगच पाठवावे. खाली लिहिलेले स्पष्टीकरण पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते आणि चित्र पुन्हा एकटेच फिरू लागते. रेघ नसलेली प्रत, मूळ फोटो आणि कोणाकडून काय आले याची टिपणे एका फोल्डरमध्ये ठेवावीत; तेच चित्र पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाच्या नावाने आले, तर तिसऱ्या पायरीवरच काम संपते.